तीन तासांच्या पेपरात मार्क आणि वेळ यांचा मेळ कसा घालायचा: बारावी फिजिक्सची प्रिलिम काढणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रिलिमचा सीझन आला की स्टाफरूममध्ये हेच प्रश्न फिरत असतात, कोणी पहिल्यांदा पेपर काढत असतं, कोणाचा पेपर मागच्या वर्षी लांबला म्हणून मुलं रडत बाहेर आलेली असतात. मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतोय, म्हणून उदाहरण फिजिक्सचंच घेतलंय, ७० मार्क आणि तीन तास. केमिस्ट्री-बायोलॉजीचा आराखडाही असाच आहे त्यामुळे त्यांनाही चालेल, फक्त लॉग टेबलच्या जागी रिअ‍ॅक्शन्स आणि आकृत्या धरा.

१८० मिनिटं भागिले ७० मार्क, म्हणजे मार्काला अडीच मिनिटं. एवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि सगळ्यात जास्त पेपर इथेच फसतात. १८० भागिले ७० केलं की २.५७ येतं हे बरोबर, पण त्या १८० मिनिटांत मुलगा पूर्ण वेळ उत्तरं लिहीत नसतो. तो प्रश्नपत्रिका वाचतो, कोणते प्रश्न सोडवायचे ते ठरवतो, नवीन सेक्शन नवीन पानावर सुरू करतो, पुरवणी मागतो, तिच्यावर नंबर टाकतो, सही घेतो, शेवटी दोरा बांधतो आणि जमलं तर एकदा नजर फिरवतो. या सगळ्याला मी २० मिनिटं धरतो. कोणाला जास्त वाटतील, पण आपल्या पेपरात ऑप्शन किती आहेत ते बघा ना. २ मार्कांचे १२ पैकी ८, ३ मार्कांचे १२ पैकी ८, ४ मार्कांचे ५ पैकी ३. म्हणजे सोडवायचे ७० मार्क असले तरी वाचायचे ९८ मार्कांचे प्रश्न आहेत, आणि नुसते वाचायचे नाहीत, "हा घेऊ की तो" हे ठरवायचंय.

म्हणजे हातात उरली १६० मिनिटं. मार्काला साधारण २ मिनिटं १५ सेकंद. कागदावर हा फरक छोटा दिसतो, पण ३ मार्कांच्या प्रश्नाला पावणेआठ मिनिटं आहेत असं समजून प्रश्न काढणं आणि सात मिनिटं आहेत असं समजून काढणं यात अख्खं एक न्यूमेरिकल आत-बाहेर होतं.

मग प्रत्येक सेक्शनला किती मिनिटं धरायची?

मी असं वाटून घेतो. दहा एमसीक्यूंना मिळून १५ मिनिटं. एक मार्काच्या आठ प्रश्नांना १२. दोन मार्काच्या प्रश्नाला ५ मिनिटं, आठ प्रश्नांचे ४०. तीन मार्काच्या प्रश्नाला ७, आठांचे ५६. चार मार्काच्या प्रश्नाला ११, तिघांचे ३३. बेरीज १५६ झाली, वरची २० धरून १७६, म्हणजे चार मिनिटं हातात राहिली.

चार मार्काला चौपट न धरता थोडं जास्त धरलंय ते मुद्दाम, कारण तिथे बहुतेक वेळा दोन भाग असतात, आणि एका विचारातून उठून दुसऱ्यात शिरायला मुलाला मिनिट-दीड मिनिट लागतंच. एमसीक्यूला मात्र दीड मिनिट पुरे, पण तेव्हाच जेव्हा दहाही एमसीक्यू गणिताचे नसतील.

पण एका प्रश्नाला मुलाला किती वेळ लागेल हे आधी कळणार कसं? अंदाजाने?

अंदाजाने अजिबात नाही. नुसतं प्रश्न वाचून "हे काय, तीन मिनिटांचं काम" असं जे आपल्याला वाटतं ते कायम कमी असतं, कारण तो प्रश्न आपण शंभर वेळा शिकवलेला असतो आणि उत्तर आपल्याला दिसतच असतं. त्यामुळे मॉडेल आन्सर टाइप करू नका किंवा गाइडमधून उचलू नका, मुलगा जशा कागदावर लिहितो तशा रेघी कागदावर, पेनाने, आकृती पेन्सिल-पट्टीने काढून, युनिटसकट पूर्ण उत्तर लिहा आणि शेजारी मोबाईलचं स्टॉपवॉच चालू ठेवा. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायचा, बोर्डाच्या पेपरात तो चालत नाही, लॉग टेबल चालतं, तर आपणही लॉग टेबलच घ्यायचं.

आपला जो वेळ येईल त्याला गुणायचं. माझा ठोकताळा असा की थिअरीच्या उत्तराला दीडपट आणि न्यूमेरिकलला दुप्पट. थिअरीत मुलाचा वेळ मुख्यतः हाताला लागतो आणि त्याचा हात आपल्यापेक्षा फार हळू नसतो, न्यूमेरिकलमध्ये मात्र फॉर्म्युला कुठला लावायचा इथून सुरुवात असते. डेरिव्हेशन या दोघांच्या मध्ये येतं, पाठ असेल तर दीडपट, नसेल तर कितीही वेळ दिला तरी येत नाही.

हा दीडपट-दुप्पट आकडा आमच्या वर्गालाही लागू होईल का?

कदाचित नाही, म्हणून तुमच्या वर्गाचा आकडा तुम्हीच काढा, सोपं आहे. एखाद्या युनिट टेस्टला मुलांना सांगा की प्रत्येक उत्तर सुरू करताना समासात घड्याळातली वेळ लिहायची, १०.०५, १०.११, असं. वर्गात भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा. पेपर तपासताना एकेका प्रश्नाचे वेळ उतरवून घ्या, पण ज्यांनी उत्तर पूर्ण आणि बऱ्यापैकी बरोबर लिहिलंय त्यांचेच घ्या, अर्धवट सोडलेल्यांचे घेतले की आकडा उगाच खाली येतो.

मग ते वेळ चढत्या क्रमाने लावा. ४० मुलं असतील तर मधल्याचा वेळ घेऊ नका, तिसावा जो येतो त्याचा घ्या. मधल्याचा घेतला तर वर्गातली निम्मी मुलं त्यापेक्षा हळू आहेत हे विसरल्यासारखं होतं, आणि तीही विषय येणारीच मुलं आहेत, फक्त सावकाश लिहितात. तो वेळ भागिले तुमचा स्वतःचा वेळ, झाला तुमचा गुणक. दोन-तीन युनिट टेस्टला केलं की आकडा स्थिर होतो, मग दरवर्षी करायची गरज पडत नाही.

एकच न्यूमेरिकल, तरी काही वेळा पाच मिनिटांत सुटतं आणि काही वेळा बारा लागतात, असं का?

किमतींमुळे. मला वाटतं पेपर लांबण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बघितलं जाणारं कारण आहे, म्हणून नीट करूनच दाखवतो.

ताणलेल्या तारेची फंडामेंटल फ्रिक्वेन्सी काढायची आहे, n = (1/2L)√(T/m). समजा मी लांबी ०.७३ मीटर दिली, टेन्शन ४७.३ न्यूटन, आणि लिनिअर डेन्सिटी ३.६ गुणिले दहाचा उणे तिसरा घात. आता मुलगा काय करतो बघा. ४७.३ चा लॉग १.६७४९. ३.६ गुणिले दहाचा उणे तीन, याचा लॉग बार थ्री पॉइंट ५५६३. वजाबाकी, आणि बारची वजाबाकी म्हटलं की निम्मा वर्ग इथेच थांबतो, ती आली ४.११८६. वर्गमूळ आहे म्हणून निम्मं, २.०५९३. खाली २L म्हणजे १.४६, त्याचा लॉग ०.१६४४, तो वजा केला, १.८९४९. अँटीलॉग बघितला, ७८.५ हर्ट्झ. तीन वेळा लॉग, एकदा अँटीलॉग, दोन वजाबाक्या, आणि मध्ये एका बारमध्ये चूक झाली की पहिल्यापासून.

तेच गणित असं द्या: लांबी ०.५ मीटर, टेन्शन ४० न्यूटन, लिनिअर डेन्सिटी ४ गुणिले दहाचा उणे तिसरा घात. भागाकार दहा हजार, वर्गमूळ शंभर, २L म्हणजे १, उत्तर १०० हर्ट्झ. तोंडी.

फिजिक्स दोन्हीत तितकंच तपासलं गेलं. फॉर्म्युला, युनिट, सबस्टिट्यूशन, सगळं तेच, मार्कही तेच, पण पहिल्याला माझ्या वर्गात साधारण बारा मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला पाच. आता असं म्हणू नका की मग सगळीच न्यूमेरिकल तोंडी सुटणारी द्या. लॉग टेबल वापरता येणं हेही बोर्डाच्या पेपरात लागतं, त्यामुळे पेपरात एक-दोन गणितं लॉगची हवीतच, फक्त ती कुठली आहेत हे आपल्याला माहीत असावं आणि त्यांचा वेळ आपण धरलेला असावा. नुसतं पुस्तकातलं गणित घेऊन "जरा वेगळं दिसावं" म्हणून आकडे बदलले की असं नकळत होतं.

ऑप्शन असताना बेरीज कशी करायची? मुलगा कोणते आठ घेईल हे आपल्याला कुठे माहीत असतं?

त्या सेक्शनच्या बाराही प्रश्नांचे वेळ काढा, सरासरी घ्या आणि आठने गुणा. काही जण सगळ्यात लवकर सुटणारे आठ धरून बेरीज करतात आणि म्हणतात पेपर वेळेत बसतोय. पण मुलगा लवकर सुटणारे प्रश्न निवडत नाही, त्याला येणारे निवडतो, आणि परीक्षेच्या खोलीत कुठला लवकर सुटेल हे त्याला कळतही नाही.

यातून अजून एक गोष्ट दिसते, एकाच सेक्शनमधल्या प्रश्नांचे वेळ फार लांब-लांब असतील तर निवडीवर नशीब ठरतं. एकाने साडेचार मिनिटांची व्याख्या आणि कारण घेतलं, दुसऱ्याने तितक्याच मार्कांना दहा मिनिटांचं गणित घेतलं, दोघांनाही दोन्ही येत होतं. माझा नियम असा की सेक्शनमधला सगळ्यात मोठा प्रश्न सगळ्यात छोट्याच्या दुपटीपेक्षा मोठा नको. जो बसत नाही तो प्रश्न वाईट नसतो, त्याची जागा चुकलेली असते, वरच्या सेक्शनमध्ये नेला की बऱ्याचदा बसतो.

एखादा पूर्ण पेपर करून दाखवाल का?

माझ्याच एका प्रिलिमचा पहिला ड्राफ्ट सांगतो, जो तसाच गेला असता तर मुलांचे हाल झाले असते.

एमसीक्यूत सात गणिताचे होते, प्रत्येकी अडीच मिनिटं, उरलेले तीन चाळीस सेकंदांचे, मिळून जवळजवळ २० मिनिटं. एक मार्काचे आठ, १३ मिनिटं. दोन मार्कांच्या बारा प्रश्नांची बेरीज ६६, सरासरी साडेपाच, आठांचे ४४. तीन मार्कांच्या बारांची बेरीज १०८, सरासरी ९, आठांचे ७२. चार मार्कांच्या पाचांची बेरीज ६५, सरासरी १३, तिघांचे ३९. सगळं मिळून १८८, वरची २० धरली की २०८. म्हणजे २८ मिनिटं जास्त. आणि हा ड्राफ्ट वाचताना मला सोपा वाटला होता, संविधान तक्त्यातही चपखल बसत होता, चॅप्टरवाइज वेटेज बरोबर, ज्ञान-आकलन-उपयोजनाचं प्रमाण बरोबर. तक्त्यात वेळेचा रकानाच नसतो ना. आता मी एक जास्तीचा रकाना आखून घेतो, प्रत्येक प्रश्नासमोर मिनिटं.

तर आधी तीन मार्कांचा सेक्शन उघडला कारण तिथे सगळ्यात जास्त फुगलं होतं. बारात पाच गणितं लॉगची, प्रत्येकी १२ मिनिटं. त्यातल्या चारांच्या किमती बदलून ती ७ मिनिटांवर आणली, एक तसंच ठेवलं. बेरीज १०८ ची ८८ झाली, आठांचे ७२ चे ५९ झाले. एकही प्रश्न बदलला नाही, नुसत्या किमतींनी १३ मिनिटं सुटली.

मग चार मार्कांचे. दोन प्रश्न असे होते की थिअरम ऑफ पॅरलल अ‍ॅक्सेस सांगा, सिद्ध करा आणि शिवाय त्यावर गणित. असा प्रश्न लिहून बघितला तर विधान, आकृती, सिद्धतेच्या ओळी आणि मग गणित, सतरा मिनिटं. चार मार्कांना सतरा मिनिटं म्हणजे अन्यायच. सिद्धता ठेवली, गणित काढून त्याजागी एका ओळीचा छोटा प्रश्न घातला, दोन्ही ११ वर आले. तिघांचे ३९ चे ३२ झाले.

एमसीक्यूत तीन गणितं काढून तिथे संकल्पनेचे प्रश्न घातले, २० ची १४ झाली. शेवटी दोन मार्कांच्या सेक्शनमध्ये दोन प्रश्नांना "सुबक आकृती काढून नावे द्या" जोडलेलं होतं, दोन मार्कांत वर्णनही आणि आकृतीही असं मागितलं होतं, ती आकृती वगळली, ८ मिनिटांचे ५ झाले, सेक्शन ४४ चा ४० वर आला.

आता १४, १३, ४०, ५९ आणि ३२, बेरीज १५८, वरची २० धरून १७८. मार्क ७० चे ७०, चॅप्टरचं वेटेज तेच.

पेपर अवघड असला म्हणून मुलांना वेळ पुरला नाही, की लांब होता म्हणून? हे तपासताना ओळखता येतं का?

येतं, आणि हे प्रत्येकाने एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण निकाल लागल्यावर आपण सगळं "मुलांनी अभ्यास केला नाही" या खात्यावर टाकून मोकळे होतो.

प्रश्न अवघड असेल तर तो मध्येच सुटलेला दिसतो, मुलाने प्रयत्न केला, दोन ओळी लिहिल्या, खोडलं, पुढे गेला, आणि पुढचे प्रश्न लिहिले. पेपर लांब असेल तर शेवट कोरा राहतो. पण आपल्याकडे मुलं प्रश्न कुठल्याही क्रमाने सोडवतात, कोणी चार मार्कांपासून सुरू करतं तर कोणी एमसीक्यू शेवटी ठेवतं, त्यामुळे प्रश्नपत्रिकेतला शेवटचा प्रश्न बघून काही कळत नाही. उत्तरपत्रिकेचं शेवटचं लिहिलेलं पान बघायचं. वीस उत्तरपत्रिका घ्या, मागून उघडा. डेरिव्हेशन मध्येच तुटलंय का, अक्षर मोठं आणि तिरकं झालंय का, आकृत्या पट्टीशिवाय आहेत का, पहिल्या पानांवर युनिट लिहिणारा मुलगा इथे युनिट गाळतोय का. वीसपैकी आठ-दहा उत्तरपत्रिकांत असं दिसलं, आणि त्यात ६० च्या वर जाणारी मुलं असली, तर पेपर लांब होता, दुसरं कारण शोधू नका.

परीक्षाशास्त्रात यासाठी एक जुना ठोकताळा आहे, की जवळपास सगळ्यांचा तीनचतुर्थांश पेपर हाताळून व्हावा आणि किमान ८० टक्के मुलं शेवटापर्यंत पोचावीत. तो मुळात सगळे प्रश्न सोडवायच्या परीक्षांसाठी आहे, पण ऑप्शनच्या पेपरालाही "हव्या तितक्या प्रश्नांपर्यंत पोचली का" असा लावता येतो.

बोर्डाने दहा मिनिटं वाढवून दिलीत, ती धरायची का?

नाही धरायची. आधी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं अगोदर हातात मिळायची, २०२३ पासून ते बंद झालं आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं मिळायला लागली. म्हणजे वाचायचा वेळ होता तो शेवटी गेला एवढंच. प्रिलिमला मुलांना ती दहा मिनिटं जरूर द्या, पण पेपर १८० मध्ये बसवा.

ज्या मुलांना जादा वेळाची सवलत आहे त्यांचं काय?

दिव्यांग मुलांना तासाला २० मिनिटं म्हणजे तीन तासांना एक तास जादा मिळतो. आपण पेपर लांब काढला तर वाटतं त्यांना तर चार तास आहेत, पण उलट होतं. आपल्या हिशोबातली २८ मिनिटांची जास्तीची ओझी त्यांच्याकडे त्याच प्रमाणात मोठी होऊन जातात, आणि चौथ्या तासात बसून लॉग टेबल बघणं कोणालाही जड जातं. लेखनिक असेल तर डेरिव्हेशनचा वेळ वेगळाच असतो, "वर स्क्वेअर, खाली टू एल" हे बोलून लिहून घ्यायचं असतं, लेखनिकाला विषय येत नसतो. असा विद्यार्थी वर्गात असेल तर तीन-चार उत्तरं स्वतः कोणाला तरी तोंडी सांगून लिहून घेऊन बघा, मगच आकडा धरा.

पेपर छोटा झाला, मुलं अडीच तासांत उठली, तर?

पंधरा-वीस मिनिटं आधी काही मुलं संपवतात ते ठीकच आहे, त्यांनी तपासून बघावं. चांगल्या मार्कांची निम्मी मुलं दोन तासांतच उठत असतील तर मात्र प्रश्न फारच आठवणीवरचे झालेत, तिथे एखादं विचार करायला लावणारं गणित वाढवा, लेखन वाढवू नका.

दहावीच्या सायन्सला, दोन तास ४० मार्क, हेच चालेल का?

पद्धत तीच, आकडे बदलतील. १२० भागिले ४० म्हणजे मार्काला तीन मिनिटं दिसतात आणि त्यामुळे सैल वाटतं, पण वाचणं, निवडणं, बांधणं याची १५ मिनिटं काढली तर १०५ उरतात, मार्काला २ मिनिटं ३७ सेकंद. दहावीच्या मुलाचा हात बारावीच्या मुलापेक्षा हळू चालतो आणि त्या पेपरात आकृत्या जास्त, म्हणून माझी एक सहकारी आकृतीचा वेळ वेगळाच मोजते, नावं देण्यासकट. तिचं म्हणणं, डोळ्याची किंवा मोटरची आकृती बाईंना दोन मिनिटांत येते, आणि त्याच आकृतीला वर्गात सहा मिनिटं लागलेली तिने घड्याळ लावून बघितलीत.